साठ गुणांचा पेपर, चाळीस गुणांचा तक्ता

दहावीच्या पूर्वपरीक्षेचा विज्ञान भाग १ चा पेपर काढून झाला होता, फक्त संविधान तक्ता राहिला होता. खरं तर हा तक्ता आधी करायचा असतो. कोणत्या घटकाला किती गुण, कोणत्या प्रकारचे किती प्रश्न हे ठरवायचं आणि मग त्याबरहुकूम प्रश्न काढायचे. आमच्या कळव्याच्या शाळेत, आणि ठाण्यातल्या ज्या ज्या शाळांतल्या शिक्षकांशी मी बोलते तिथेही, पेपर आधी होतो आणि तक्ता तपासणीच्या फाइलसाठी मागून चिकटवला जातो. परीक्षा विभागाच्या बाईंनी पेपर माझ्या हातात दिला. "मॅडम, सरांनी काढलाय, तुम्ही फक्त तक्ता भरा."

"फक्त" म्हणण्याइतकं ते काम सोपं नाही. बोर्डाच्या आराखड्यात हा पेपर चाळीस गुणांचा आहे. पहिल्या प्रश्नातले दहा गुण सक्तीचे, तिथे पर्याय नाही. दुसऱ्या प्रश्नात तीनपैकी दोन शास्त्रीय कारणं आणि पाचपैकी तीन छोटे प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. तिसऱ्यात आठपैकी पाच, प्रत्येकी तीन गुण. चौथ्यात दोनपैकी एक, पाच गुणांचा. छापलेले सगळे प्रश्न मोजले तर बेरीज साठ होते, मूल लिहितं चाळीसचं. मग तक्ता कितीचा करायचा? बरेच जण ज्या प्रश्नांनी बेरीज चाळीसवर येते तेवढेच धरतात आणि बाकीचे पर्याय म्हणून सोडून देतात. ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. कोणता प्रश्न पर्याय ठरणार हे पेपर काढणाऱ्याच्या हातात नसतं, ते परीक्षेच्या खोलीत मूल ठरवतं.

म्हणून मी एक्सेलमध्ये छापलेल्या प्रत्येक उपप्रश्नाला एक ओळ दिली. पहिल्या रकान्यात प्रश्न क्रमांक, मग घटक, प्रश्नप्रकार आणि गुण. घटकवार बेरीज अशी:

```
=SUMIFS(D:D,B:B,"उष्णता")
```

इथे घटकाचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं लागतं. एके ठिकाणी "भिंगे" आणि दुसरीकडे "भिंगे व त्यांचे उपयोग" लिहिलं, किंवा शब्दामागे एक मोकळी जागा राहिली, तरी ती ओळ बेरजेतून निसटते. दहाही घटकांची बेरीज पुन्हा साठ येते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एका प्रश्नाने मला बराच वेळ अडवलं. तिसऱ्या प्रश्नातलं उदाहरण होतं: 210 व्होल्टवर 4 अँपिअर धारा घेणाऱ्या हीटरने 200 ग्रॅम पाणी 30 अंशांवरून 80 अंशांवर न्यायला किती वेळ लागेल? सरांनी कडेला पेन्सिलीने "उष्णता" लिहिलेलं. मी उत्तर सोडवून पाहिलं. शक्ती 840 वॅट, हा एक गुण. पाण्याला लागणारी उष्णता 42,000 ज्यूल, हा दुसरा. एकाला दुसऱ्याने भागून 50 सेकंद, हा तिसरा. यात उष्णतेच्या धड्याचा गुण एकच आहे. शक्तीचं सूत्र आणि शक्तीवरून वेळ काढणं हे "विद्युतधारेचे परिणाम" मधलं. पाणी तापतंय म्हणून प्रश्न उष्णतेचा होत नाही. घटक ठरवायचा तो गुणदानाच्या पायऱ्यांवरून. मी त्या प्रश्नाच्या दोन ओळी केल्या, विजेला दोन आणि उष्णतेला एक.

सगळं भरून झालं तेव्हा तक्ता दिसायला व्यवस्थित होता. उष्णतेला सहा, विजेला आठ, रासायनिक अभिक्रियांना सहा, धातुविज्ञानाला सहा. भिंगांना अकरा, कारण चौथ्या प्रश्नातले दोन्ही पर्याय भिंगांवरचेच होते. एक बहिर्वक्र भिंगाच्या किरणाकृतींचा, दुसरा दृष्टिदोषांचा. जरा जास्त वाटतात, पण तपासणीत कुणी अडवलं नसतं.

मला मात्र ते अकरा आणि सहा खटकत राहिले. म्हणून शेजारी आणखी दोन रकाने वाढवले, किमान आणि कमाल. मुलाने एखादा धडा पूर्ण ऑप्शनला टाकला, तर त्या धड्याचे किती गुण त्याला चुकवताच येणार नाहीत? हे काढायची रीत साधी आहे. प्रत्येक गटात किती प्रश्न सोडायची मुभा आहे ते पाहायचं. तिसऱ्यात तीन सोडता येतात, म्हणजे एका धड्याचे तीनपर्यंत प्रश्न असले तरी ते सगळे टाळता येतात. चौथ्यात एकच सोडता येतो.

उष्णतेचा एक प्रश्न पाचपैकी तीनमध्ये होता, आणि उष्णता लागणारे दोन आठपैकी पाचमध्ये. पहिल्या प्रश्नात तिचा एकही नव्हता. म्हणजे उष्णतेचा धडा न उघडलेलं मूलही चाळीसपैकी चाळीस मिळवू शकत होतं. किमान शून्य. भिंगांचं उलट. पहिल्या प्रश्नातला एक गुण आणि चौथ्यातले पाच, असे सहा गुण कुठूनही गेलं तरी भिंगांतूनच. किमान सहा आणि कमालही सहा. ज्याचं भिंग कच्चं, त्याची धाव चौतीसपर्यंतच. चौथ्या प्रश्नात "कोणताही एक" छापलेलं होतं, पण धडा निवडायची सोय मुलाला नव्हतीच.

सर आमच्या शाळेत सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्या उदाहरणातले आकडे नेहमी सुबक असतात, हीटरचंच पाहा ना. मी कागद दाखवला, तेव्हा त्यांनी किमानचा रकाना शांतपणे वाचला. मग म्हणाले, "हा रकाना नमुन्यात कुठे आहे? तक्ता बसतोय ना, मग झालं." मी म्हटलं, "सर, तक्ता बसतोय, पण पोराने उष्णता सोडली तरी त्याला कळणारसुद्धा नाही." त्यावर त्यांनी पहिल्या प्रश्नातला गुरुत्वाकर्षणाचा एक गुण काढून तिथे उष्णतेच्या धड्यातल्या पुनर्हिमायनाचा प्रश्न घातला. गुरुत्वाकर्षणाचे तिथे दोन होते, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. चौथ्या प्रश्नाला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. त्यांचं म्हणणं, किरणाकृती ज्याला येत नाही त्याने बोर्डाला बसण्याआधी हे कळून घ्यावं.

त्यांचं म्हणणं पूर्वपरीक्षेपुरतं अगदीच चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही. पण ते जाणून घ्यायला एक पर्याय भिंगांचा आणि दुसरा कार्बनी संयुगांचा चालला नसता का? चालला असता, तर ज्या मुलांना किरणाकृती येत नाहीत ती नेमकी कार्बनकडे वळली असती आणि आम्हाला काहीच कळलं नसतं. इथे येऊन मी अडते. पर्याय मुलासाठी असतो की परीक्षकाला मुलाची कच्ची बाजू दिसावी म्हणून तो आवळायचा असतो, हे आमच्या विषयसमितीत कधी बोललंच गेलेलं नाही.

फाइलला नमुन्यातलाच तक्ता लागला, गुण आणि कंसात प्रश्नसंख्या. किमान-कमालचा कागद मी त्यामागे टाचणीने लावला. परीक्षा विभागाच्या बाईंनी तो काढून परत दिला, "हे जास्तीचं आहे" म्हणून. आता सहामाहीच्या पेपरचं काम माझ्याकडे आलंय. या वेळी ते दोन रकाने पेपर काढण्याआधी भरून सरांपुढे ठेवणार आहे.