मुदतीआधी आठ महिने, दोघांच्या सहीनं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमधलं हे प्रकरण. व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅमर, दोन वर्षांच्या मुदतीच्या करारावर घेतलेला. करार गेल्या वर्षीच्या 1 जुलैला सुरू झालेला आणि सोळा महिने पूर्ण होत आलेले. ट्रॅक्टरच्या हाउसिंगची ऑर्डर आटली, मशीन एका शिफ्टवर आल्या आणि त्याच सुमारास पोराला चाकणहून बोलावणं आलं. मालकांना पगार वाचवायचा होता, त्याला जायचं होतं. भांडण कुठंच नव्हतं. तरीही फाइल माझ्याकडं सल्ल्याला आली, कारण तिच्यात एकमेकांना खोडून काढणारे दोन कागद लागले होते.

पहिला ऑफिसनं टाइप केलेला: "आपली सेवा दि. 31 ऑक्टोबरपासून समाप्त करण्यात येत आहे." दुसरा त्याच्या हातचा: "वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे." दोन्हींवर तारीख एकच. उद्या कुठं विचारणा झाली, तर नेमकं काय घडलं हे या फाइलवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

पहिला कागद मालकांच्या अंगलट येण्यासारखा होता. कराराची मुदत संपून काम थांबलं, तर औद्योगिक संबंध संहितेत ती कामगार कपात धरत नाहीत. पण मुदतीच्या आधी मालकानं एकतर्फी थांबवलं, तर ही सूट मिळत नाही. वर्षभराची सलग नोकरी झालेली असली की मग महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार अशी मागणी उभी राहू शकते. दुसरा कागद पोराच्या अंगलट येणारा. करारात नऊ नंबरचं कलम होतं: मुदतीआधी करार मोडणाऱ्यानं उरलेल्या काळाचा पगार दुसऱ्याला द्यायचा. पगार महिना 38,000, उरलेले आठ महिने, म्हणजे 3,04,000 रुपये. मालक मागणार नव्हते, हे खरं. पण मालकांच्या जागी उद्या त्यांचा मुलगा बसेल, ऑडिटर फाइल चाळेल, आणि राजीनाम्याचा कागद तिथंच असेल. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणं अशी ठरवून ठेवलेली रक्कम कोर्ट आपोआप देत नाही, त्या आकड्याच्या आत वाजवी भरपाई देतं. पण कोर्टापर्यंत जायची हौस कुणाला आहे?

"मालक, मी राजीनामा लिहून दिलाय की, मग आणि काय पायजे?" पोरगं म्हणालं. मालकांचंही तेच: "साहेब, दोघंबी राजी आहोत, एवढं कशाला ताणताय?"

दोघं राजी आहेत, तेच लिहायचं होतं. करार कायद्याचंच कलम 62 सांगतं की दोन्ही पक्षांनी मिळून करार रद्द केला, तर मूळ करार पाळायचं बंधन राहत नाही. इथं कुणी करार मोडत नाही, दोघं मिळून तो संपवतात, आणि म्हणून नववं कलम लागूच होत नाही. मात्र हे पत्रात कलमाचा नंबर घालून लिहावं लागतं. नुसतं "परस्पर संमतीने" म्हटलं आणि नवव्या कलमाचं नाव घेतलं नाही, तर ते कलम जिवंत आहे असं म्हणायला जागा राहते.

जुने दोन्ही कागद दोघांच्या सहीनं रद्द केले आणि एकच पत्र दोन प्रतींत केलं. कंपनीच्या लेटरहेडवर, पण "आपणास कळविण्यात येते" हा सूर टाळून. गाभा असा होता:

"दि. 1 जुलै रोजी झालेला दोन वर्षांचा नोकरीचा करार उभय पक्ष परस्पर संमतीने मुदतीपूर्वी संपवीत आहेत. याबाबत दि. 6 ऑक्टोबर रोजी चर्चा झाली व कर्मचाऱ्यास विचारासाठी सात दिवस देण्यात आले. दि. 31 ऑक्टोबर हा कामाचा शेवटचा दिवस राहील व त्या दिवशीची पाळी संपताच करार संपुष्टात येईल. उर्वरित आठ महिन्यांच्या पगाराबाबत किंवा करारातील कलम 9 खाली कोणताही पक्ष दुसऱ्याकडे मागणी करणार नाही. गोपनीयतेचे कलम 12 यापुढेही लागू राहील."

चर्चेची तारीख आणि सात दिवस हे शोभेसाठी नाहीत. सही दबावाखाली घेतली असा आक्षेप आला, तर संमती मोकळी होती हे दाखवायला हाताशी तेवढंच असतं. पत्र समोर ठेवून "लगेच सही कर" म्हणणं सगळ्यात धोक्याचं. शेवटचा दिवसही असाच नीट लिहायचा. ऑफिसच्या मसुद्यात "31 पासून" होतं. त्या दिवशी तो कामावर होता की नव्हता, यावर एका दिवसाचा पगार आणि पीएफमधली तारीख अडकते.

खरी अडचण पैशाच्या परिच्छेदात आली. मसुद्यात एक ओळ होती: "मला सर्व रक्कम मिळाली असून कंपनीकडून काहीही येणे नाही." सही 13 तारखेला, पैसे 31 नंतर. न मिळालेल्या पैशाची पावती आधी घ्यायची ही जुनी खोड आहे. ती ओळ काढली आणि रकमा नावानिशी लिहिल्या: ऑक्टोबरचा पगार, शिल्लक नऊ रजांचे पैसे, बोनस हिशेबाप्रमाणं, आणि ग्रॅच्युइटी. मुदतीच्या करारावरच्या माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणं ती काळाच्या प्रमाणात मिळते. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 24,000, त्याचे पंधरा भागिले सव्वीस म्हणजे वर्षाला 13,846, आणि सोळा महिन्यांचे 18,462 रुपये. मालकांनी वर 20,000 रुपये खुशीनं दिले. ती रक्कम वेगळ्या ओळीत ठेवली, नाहीतर ग्रॅच्युइटी तिच्यातच आली असं पुढं कुणीतरी म्हणतं. कायद्यानं मिळणारं वेतन आणि बोनस सोडून दिल्याची सही घेतली, तरी वेतन संहितेपुढं ती टिकत नाही.

पगार कधी द्यायचा, हेही लिहिलं. राजीनामा असो की कपात, वेतन संहितेत दोन कामाचे दिवस सांगितलेत. तीच मुदत इथं घेतली. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. "हिशेब पूर्ण झाला" हा कागद वेगळा केला आणि पैसे खात्यात दिसल्यावरच त्यावर सही घेतली.

परत करायच्या वस्तूंची यादी मागच्या पानावर जोडली: लॅपटॉप, डिजिटल मायक्रोमीटर, गेटपास, आणि प्रोग्रॅमचा बॅकअप कुणाकडं दिला ते. बॅकअपची ओळ प्रॉडक्शन मॅनेजरनं घालायला लावली, आणि ती शहाणपणाची होती. फिक्श्चरचे ऑफसेट, म्हणजे मशीनवर जॉब नेमका कुठं बसतो त्याचे आकडे, एकट्या याच्याच वहीत होते.

पत्रात अनुभवाच्या दाखल्याचा मजकूरही ठरवून टाकला: "1 जुलै ते 31 ऑक्टोबर, करार परस्पर संमतीने संपला." चाकणच्या कंपनीला फोनवर वेगळं कारण कळायला नको.

पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनंच भरायची, आणि तीही 31 ऑक्टोबर. कंपनीनं भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती स्वतः टाकता येते. पण अंदाजानं टाकलेली तारीख दाखल्याशी जुळली नाही की जुनं खातं नव्या खात्यात वळवताना अडतं. म्हणून इथल्या क्लार्कला सांगून ऑक्टोबरची वर्गणी भरल्याबरोबर ती नोंद करून घेतली आणि स्क्रीनचा प्रिंट दोन्ही प्रतींना जोडला.