सुतार आडनाव आणि सुतारकाम: व्हिसाच्या कागदांचा माझा अनुभव

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, कॅनडाला ताईकडे पाठवायचं होतं. तिकडे राहणाऱ्या मुलांकडे आईवडिलांना जास्त काळ राहता यावं म्हणून सुपर व्हिसा असतो. त्याच्या अर्जाला जोडायचे तीन कागद मराठीत होते: नातं दाखवायला ताईचा जुना जन्मदाखला, अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. कॅनडाच्या नियमानुसार अर्जदाराच्या घरच्यांनी केलेलं भाषांतर चालत नाही, म्हणून ते काम बाहेर दिलं.

कच्ची प्रत हातात आली आणि ताईच्या जन्मदाखल्यात वडिलांचं आडनाव Carpenter दिसलं. आमचं आडनाव सुतार आणि अण्णांच्या पासपोर्टवर SUTAR. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मराठी येत नाही, तो इंग्रजी अक्षरंच जुळवून बघणार. त्याच्या दृष्टीनं मुलीचा बाप एक आणि व्हिसा मागणारा माणूस दुसराच. म्हणजे ज्या नात्यासाठी दाखला जोडायचा, तेच त्यावरून तुटत होतं.

भाषांतरकारांना फोन केला. ते म्हणाले, “साहेब, अर्थ तर बरोबरच आहे ना?” अर्थ बरोबर होता, पण आडनावाला तिथे अर्थाचं कामच नसतं. ते माणूस ओळखण्यापुरतं असतं. म्हणून पहिल्यांदा बघायचं ते हे, की शब्द माणसाची ओळख सांगतोय की त्याच्याबद्दलची माहिती. ओळख असेल तर उच्चार रोमन अक्षरांत उतरवायचा, माहिती असेल तर भाषांतर करायचं.

हे आम्हाला नीट उलगडलं ते रहिवासी दाखल्यातल्या एका वाक्यामुळे. तिथे अण्णांच्या पूर्ण नावानंतर लिहिलं होतं, “हे येथील कायमचे रहिवासी असून सुतारकाम करून उदरनिर्वाह करतात.” नावातला सुतार Sutar राहणार आणि सुतारकामाचं carpentry होणार. एकाच वाक्यात दोन्ही. संगणकात ‘सुतार’चं सगळीकडे एकदम Sutar करून टाकलं असतं तर धंद्याच्या जागीही Sutar आलं असतं, आणि अण्णा काय काम करतात हे त्या अधिकाऱ्याला कळलंच नसतं. त्यामुळे प्रत्येक जागा वेगळी वाचावी लागली.

शाळेच्या दाखल्यात आणखी एक गाठ होती. जातीच्या रकान्यात ‘हिंदू सुतार’ होतं आणि भाषांतरात तिथेही Carpenter. वरवर ही माहिती वाटते, पण जातीचं नाव सरकारी यादीत ज्या रूपात असतं त्याच रूपात पुढच्या प्रत्येक कागदावर यावं लागतं. यादीत इंग्रजीत Sutar आहे. म्हणून धर्माचं Hindu आणि जातीचं Sutar असंच ठेवायला सांगितलं. गावाच्या नावातलं ‘बुद्रुक’ही तसंच Budruk, कारण तो गावाच्या नावाचा भाग आहे, ‘जिल्हा’ मात्र District. आजोबांच्या नावाआधीचं ‘कै.’ हे नाव नव्हे, त्याचं Late झालं.

लिप्यंतर ठरलं तरी स्पेलिंगचा प्रश्न उरतोच. कानाला कसं लागतं त्यावर ते ठरवू नये. Sutar, Sootar, Suthar, तिन्ही लिहिता येतात, आणि Suthar हे तर गुजरात-राजस्थानकडचं वेगळं चालू आडनाव आहे. पासपोर्ट असेल तर त्यावरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर उचलायचं. पासपोर्ट नसेल तर मी दहावीची गुणपत्रिका धरीन, कारण ती इंग्रजीत असते आणि पुढचे बरेचसे कागद तिच्यावरूनच तयार होतात. ताईच्या पासपोर्टवर आडनाव सासरचं आहे, पण जन्मदाखल्यात जे माहेरचं नाव आहे तेच भाषांतरात राहू दिलं. तिथे आजचं नाव घालणं म्हणजे मूळ कागदच बदलणं. जोड दाखवायला तिचं विवाह प्रमाणपत्र होतंच.

हा नियम डोळे मिटून लावू नये, हेही सांगतो. मुंबईत Tailor, Engineer, Contractor अशी आडनावं असलेली गुजराती आणि पारशी घराणी आहेत. त्यांच्या पासपोर्टवर Tailor असेल आणि जुन्या दाखल्यात ‘दरजी’, तर उच्चारावरून नुसतं Darji लिहून गोंधळ वाढतो आणि परस्पर Tailor लिहिलं तर मूळ कागद लपतो. अशा वेळी मी Darji ठेवून, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं वेगळं शपथपत्र जोडेन.

आमच्या तिन्ही कागदांचं भाषांतर पुन्हा टाइप झालं. चुकीचं तेवढं एक पान बदलून देतो, असं भाषांतरकार म्हणत होते. ते मी मानलं नाही, कारण त्यांचं नोटरीसमोरचं शपथपत्र त्या ठरावीक मजकुराबद्दल असतं. मजकूर बदलला की शपथपत्रही नव्यानं हवं. ते करून घेतलं, सोबत मूळ मराठी दाखल्यांच्या साक्षांकित प्रती लावल्या, आणि अर्ज भरण्याआधी अण्णांचा पासपोर्ट शेजारी ठेवून प्रत्येक पानावरचं SUTAR एकेक अक्षर मोठ्यानं वाचून जुळवलं.