सोसायटीचं वार्तापत्र

आज सोसायटीच्या वार्तापत्राचा मसुदा हातात आला. सेक्रेटरीकाकांनी दोन पानं सलग लिहिलेली, आणि पाण्याची टाकी रविवारी धुणार हे तिसऱ्या परिच्छेदाच्या पोटात दडलेलं! ‘महत्त्वाची सूचना’ हा मथळा काढून ‘रविवारी सकाळी ८ ते १२ पाणी बंद’ असा केला. उपमथळेही तसेच, नुसते वाचले तरी बातमी कळावी असे. परिच्छेद तीन-चार ओळींचे.

चौकटीत काकांचंच वाक्य मोठ्या टायपात टाकलं: “गच्चीची गळती यंदा पावसाआधी थांबवायचीच.” शब्द जसाच्या तसा, चौकटीसाठी वाक्य सजवलं की ते त्यांचं राहत नाही. दुसरी चौकट मात्र काढून टाकली. एका पानावर दोन ओरडायला लागल्या की कुणाचंच ऐकू येत नाही.