48 चे 60 कसे झाले?

आज सिडकोतल्या घरी चौथीच्या वह्या तपासत बसले होते. गणित आपल्या नाशिकचंच: दोघांनी मिळून 48 क्रेट द्राक्षं पाठवली, पहिल्याने दुसऱ्यापेक्षा 12 जास्त. प्रत्येकाची किती?

एकीने पट्ट्या काढल्या होत्या. खालची 24 ची, वरची 24 ची आणि तिला पुढे 12 चा तुकडा. उत्तर 36 आणि 24. लाल पेन टेकवणार, तेवढ्यात पट्ट्यांची बेरीज केली: 60! म्हणजे चित्राचा आकार बरोबर, आतले आकडे चुकीचे. आधी 48 चे दोन भाग केले आणि 12 वरून चिकटवले. (12 चा तुकडा 24 एवढाच लांब होता, पण ते चालतं, पट्टीने मोजून कोण काढतं!)

दुपारी तिला बोलावलं. म्हटलं, "हा जास्तीचा तुकडा अंगठ्याने झाक. आता किती उरले?"
"48... नाही बाई, 36!"
मग 18 आणि 30 तिनेच लिहिले. 3 पैकी 1 गुण मात्र तसाच ठेवला, पट्ट्यांच्या आकाराचा.

अजून सात वह्यांत तेच 24 आहेत.