जेवून घेतलेली गोळी आणि जठराचा व्रण

«डॉक्टर, मी डायक्लोफेनॅक कधीच उपाशीपोटी घेत नाही, तरी पोट का दुखतं? आणि गुडघा इतका दुखतो, तर मग घ्यायचं तरी काय?»

गोळीचा मुख्य अपाय ती जठराला स्पर्श करते म्हणून होत नाही, तर ती रक्तात मिसळल्यानंतर होतो. जठर स्वतःच इतके तीव्र आम्ल तयार करते की त्या आम्लापासून त्याला स्वतःचे अस्तर सतत वाचवावे लागते. त्यासाठी ते अस्तरावर श्लेष्माचा जाड थर पसरते, त्या थरात आम्ल शमवणारे क्षार सोडते आणि अस्तराला भरपूर रक्त पुरवून झीज भरून काढते. ही तिन्ही कामे ज्या रसायनांच्या आदेशावर चालतात त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. दुखऱ्या गुडघ्याला सूज आणतात तीही याच कुळातील रसायने. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन ही वेदनाशामके ती रसायने तयार होऊच देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि त्या कामासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे गुडघा शांत होतो आणि जठराचे कवच विरळ होते, या दोन्ही गोष्टी एकाच क्रियेतून घडतात. म्हणूनच हीच औषधे इंजेक्शनने किंवा गुदमार्गे दिली, तरी जठरात व्रण होऊ शकतो. गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असले, तरी धोका टळत नाही. जेवणानंतर घेतल्याने गोळीची प्रत्यक्ष जळजळ कमी होते, म्हणून तसे सांगण्यात काही चूक नाही. पण त्याने व्रण टळतो अशी समजूत मात्र मला फार घातक वाटते.

दुसरी तितकीच घातक समजूत म्हणजे जोवर पोट दुखत नाही तोवर सारे ठीक आहे. या गोळ्यांनी ज्यांचे पोट दुखते, त्यांतील अनेकांच्या जठरात दुर्बिणीने पाहिले तर नुसती लाली असते. उलट खोल व्रण झालेल्या कित्येकांना आधी काहीच जाणवलेले नसते, कारण जी गोळी गुडघ्याची वेदना दाबते ती व्रणाचीही दाबू शकते. पोटदुखी आली तर ती गांभीर्याने घ्यावी, पण ती आली नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

एका रुग्णाची हकिगत सांगते. वय ६४, निवृत्त शिक्षक, दोन्ही गुडघ्यांचा संधिवात. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असल्याने ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी रोज चालू होती. गुडघेदुखी वाढली तेव्हा त्यांनी ओळखीच्या एकाचे पाहून डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केली, तीही न चुकता जेवणानंतर. सहाव्या दिवसापासून बेंबीच्या वर, मधोमध जळजळ होऊ लागली. त्यांनी ते पित्त समजून आम्लनाशक द्रव घेतला आणि दहा मिनिटांत बरे वाटले, म्हणून गोळ्या तशाच चालू ठेवल्या. बाराव्या दिवशी दाढ दुखू लागली, तेव्हा घरात पडलेली आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी दोन दिवस आणखी वर घेतली. नाव वेगळे असल्याने ती वेगळ्या प्रकारची गोळी असेल असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत एकाच गटातील तीन औषधे त्यांच्या शरीरात काम करत होती.

आम्लनाशक द्रवाविषयी इथेच सांगितले पाहिजे. तो जठरात असलेले आम्ल काही वेळ शमवतो आणि जळजळ थांबवतो, पण कवच विरळच राहते. दुखणे थांबल्यामुळे माणूस गोळी बंद करत नाही, म्हणून अशा वेळी या आरामाचे मला नेहमी भय वाटते.

पंधराव्या दिवशी जळजळ आपोआप कमी झाली आणि त्यांना हायसे वाटले. सतराव्या दिवशी शौचाला काळे झाले. महिनाभर लोहाची गोळी चालू होती, तिच्यामुळेच हे झाले असा त्यांनी अर्थ लावला आणि पत्नीलाही सांगितले नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते पलंगाच्या कडेवर बसले, तेव्हा कुठे त्यांना माझ्याकडे आणले गेले. नाडी मिनिटाला ११२ होती, झोपलेल्या स्थितीत रक्तदाब ११० आणि उभे केल्यावर ८८. तीन महिन्यांपूर्वीच्या अहवालात १३.४ असलेले हिमोग्लोबिन ८.१ वर आले होते. मी त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवले. दुर्बिणीतून जठराच्या खालच्या भागात सुमारे एक सेंटिमीटरचा व्रण दिसला आणि त्यावर रक्ताची गुठळी चिकटलेली होती. तिथेच इंजेक्शन देऊन आणि क्लिप लावून रक्तस्राव थांबवला गेला. संध्याकाळपर्यंत हिमोग्लोबिन ७.४ झाले आणि हृदयविकार असल्यामुळे दोन पिशव्या रक्त द्यावे लागले.

मी त्यांना शौचाविषयी नेमके विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते लोहाच्या गोळीशी जुळत नव्हते. लोहामुळे मल काळपट किंवा गडद हिरवट होतो, पण तो घट्ट असतो आणि त्याला नेहमीपेक्षा वेगळा वास येत नाही. काही पोटाच्या औषधांतील बिस्मथनेही मल काळा होतो. जठरातून झालेल्या रक्तस्रावाचा मल डांबरासारखा काळाकुळकुळीत, चकचकीत आणि चिकट असतो, पाणी टाकले तरी भांड्याला धरून राहतो आणि त्याला असा उग्र, सडका वास येतो की एकदा तो घेतलेला माणूस विसरत नाही. रक्त आम्लात आणि आतड्यात पचत खाली येते, म्हणून ते लाल न राहता काळे होते. साधारण ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कपभर रक्तही मलाला असा रंग द्यायला पुरते, त्यामुळे पहिल्या काळ्या शौचाला माणूस अगदी ठणठणीतही असू शकतो. लोहाची गोळी चालू आहे आणि शंका येते आहे, तर वाट पाहण्यापेक्षा तपासून घेणे केव्हाही योग्य.

तेव्हा वेदनाशामक घेणाऱ्याला असे शौच झाले, तर पुढची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी, थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे. उभे राहताना चक्कर, छातीत धडधड, थंड घाम, दम लागणे, किंवा लाल अथवा कॉफीच्या गाळासारखी उलटी यांपैकी काहीही असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी, स्वतः वाहन चालवू नये. घरी आम्लनाशक घेऊन «उद्या बघू» असे म्हणू नये, कारण दरम्यान रक्तस्राव चालू आहे की थांबला हे घरात कुणालाही कळत नाही. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेले ॲस्पिरिन कायमचे बंद करण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. या गृहस्थांचे ॲस्पिरिन तिसऱ्या दिवशी हृदयतज्ज्ञांना विचारून पुन्हा सुरू झाले, कारण ते बंद ठेवल्याने स्टेंट बंद पडण्याचा धोका मोठा होता.

आता गुडघ्याचे काय करायचे? प्रामाणिकपणे सांगायचे, तर डायक्लोफेनॅकइतका झटकन आराम देणारी निर्धोक गोळी नाही, आणि ते रुग्णापासून लपवू नये. पॅरासिटामॉल जठराला बाधत नाही. ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या दर सहा तासांनी, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार ग्रॅम ही निरोगी प्रौढाची मर्यादा आहे. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा मद्यपान नियमित असेल, तर मर्यादा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी. संधिवातात तिचा गुण माफक आहे, पण दाढदुखी, डोकेदुखी, मुरगळ आणि ताप यांत ती पुष्कळांना पुरते. घेण्यापूर्वी पाकिटावरचे घटक मात्र वाचावेत, कारण अनेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत डायक्लोफेनॅकही असते, आणि सर्दीच्या औषधांतही पॅरासिटामॉल असते, जे नकळत दुप्पट होते.

गुडघ्यासाठी मी आधी डायक्लोफेनॅकचे जेल सुचवते. त्वचेवरून रक्तात जाणारे औषध गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्केच असते आणि गुडघ्याच्या किंवा बोटांच्या सांध्यासारख्या वरवरच्या सांध्यांना त्याचा खरोखर गुण येतो. कंबरेसारख्या खोल दुखण्यात तो क्वचितच येतो. सोबत मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतला, तर दोन-तीन महिन्यांत होणारा फरक मी अनेकदा पाहिला आहे.

तरीही कधी गोळीच घ्यावी लागते. तेव्हा मी एकच औषध, कमीत कमी मात्रेत आणि मोजक्या दिवसांसाठी देते. वय ६५ च्या पुढे असेल, पूर्वी व्रण झाला असेल, किंवा रक्त पातळ करणारी अथवा स्टेरॉइडची औषधे चालू असतील, तर शक्यतो देतच नाही. दिलीच, तर ओमेप्राझोल २० मिलिग्रॅमसारखी आम्ल कमी करणारी गोळी रोज सकाळी न्याहारीआधी अर्धा तास जोडते. ही गोळी जठराचा आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा व्रण टाळायला मदत करते. पुढच्या आतड्याला किंवा मूत्रपिंडाला होणारा अपाय तिने थांबत नाही. हृदयविकार असलेल्यांना डायक्लोफेनॅकची गोळी किंवा इंजेक्शन देऊ नये, अशी सूचना युरोपियन औषध नियामकाने २०१३ मध्ये दिली, कारण त्याने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. या शिक्षकांनी ती गोळी मुळात घ्यायलाच नको होती, जठर कितीही मजबूत असते तरी.

त्यांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणूही सापडला, आणि त्यावर १४ दिवसांचा औषधोपचार झाला. हा जिवाणू आणि या गोळ्या एकत्र आल्या की व्रणाची शक्यता बरीच वाढते. आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहिले, तेव्हा व्रण भरून आला होता. आता ते गुडघ्यावर जेल लावतात, मांडीचे व्यायाम करतात आणि ॲस्पिरिनसोबत सकाळची ओमेप्राझोल चालू आहे. मागच्या महिन्यात ती जुनी दाढ काढायची ठरली, तेव्हा दंतवैद्याकडे जाण्याआधी त्यांनी मला फोन करून विचारले की नंतर दुखले तर काय घेऊ, आणि मी त्यांना पॅरासिटामॉल सांगितले.