युरिन कार्ड क्लीन, तरी पेशंट टक्क जागा

बारा वाजताच्या झोपेला तो झोपलाच नाही आणि मला तिथंच खटकलं.

आमच्याकडे स्लीप लॅबमध्ये एमएसएलटी म्हणून एक टेस्ट असते. रात्रभर वायरी लावून झोपवायचं, सकाळी सहाला उठवायचं, आणि मग आठ, दहा, बारा, दोन, चार अशा पाच वेळा अंधाऱ्या खोलीत आडवं करून किती मिनिटांत झोप लागते ते बघायचं. लोकांना वाटतं काय मज्जा, झोपायची टेस्ट. पण खरं काम मधल्या वेळात असतं, पेशंटला डुलकी लागू द्यायची नाही. वायरी जोडलेली पेटी, हेडबॉक्स, गळ्यात अडकवून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लावायच्या, मोबाईलवर गाणी, गप्पा, काहीही. वीस मिनिटांत झोप नाही आली की दिवा लावायचा, आली तर पुढची पंधरा मिनिटं थांबून स्वप्नाची झोप म्हणजे रेम येते का बघायचं. पाचही झोपांची सरासरी आठ मिनिटं किंवा कमी आणि किमान दोनदा रेम पटकन दिसली, तर नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा न आवरणाऱ्या झोपेचा आजार.

हा पोरगा सव्वीस वर्षांचा, सॉफ्टवेअरमधला, मीटिंगमध्ये झोपतो म्हणून मॅनेजरनेच डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलेलं. रात्रीचा रिपोर्ट ठीक, घोरणं नाही, श्वास थांबणं नाही. सकाळी आठच्या झोपेला गडी तीन मिनिटांत गेला आणि पाचव्या मिनिटाला डोळे बंद पापण्यांखाली सटासट फिरायला लागले, हनुवटीच्या स्नायूची लाईन एकदम सपाट, रेम. मी मनात म्हणलं चला, केस सोपी आहे. मग दहाला अकरा मिनिटं लागली, रेम नाही. बाराला वीस मिनिटं जागा, दोनला परत वीस मिनिटं जागा, चारला अठरा मिनिटांनी कसाबसा झोपला. सरासरी चौदाच्या वर. म्हणजे कागदावर एकदम नॉर्मल माणूस.

पण तीन मिनिटांत झोपून लगेच रेमपर्यंत पोचणारा माणूस चार तासांत नॉर्मल होत नसतो ना.

स्क्रीनवर काय दिसत होतं ते सांगते, कारण हे कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही. झोप यायला लागली की आधी डोळे हळूहळू घरंगळतात, डावीकडून उजवीकडे, लाटेसारखी लाईन येते. मागच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर डोळे मिटल्यावर जी अल्फाची बारीक दातेरी लाईन असते ती विरायला लागते. याची अल्फा बारा वाजता कंगव्यासारखी, एक दात तुटलेला नाही. डोळे स्थिर. आणि तरी माणूस शांत. हात हलत नाहीत, दात चावत नाही, नाडी सत्तर-पंच्याहत्तरच्या आसपास. खरं सांगायचं तर मला आधी कुणीतरी त्याला कॉफी पाजली असंच वाटलं आणि मी आमच्या मावशींना विनाकारण झापलं.

ज्युनिअर डॉक्टरला बोलावलं. तो आला, लघवीत नशेचं औषध सापडतं का ते दाखवणारं सकाळचं युरिन कार्ड बघितलं, सगळ्या रेघा निगेटिव्ह, "ॲम्फेटामिन निगेटिव्ह आहे मॅडम, क्लीन आहे पेशंट, ओव्हरथिंक करू नका." आता या मुलांचा कार्डावर जेवढा विश्वास असतो तेवढा आईबापावर नसेल. कार्डावर जी अँटिबॉडी असते ती ॲम्फेटामिन या मेंदूला चेतवणाऱ्या औषधाचा आकार ओळखते, एक बेन्झिनची रिंग, छोटी साखळी, शेवटी अमाईन. त्या आकाराचं काही नसेल तर कार्ड गप्प बसतं, आणि जागं ठेवणारी प्रत्येक गोळी त्या आकाराची नसते हे कुणी त्याला शिकवलंच नसावं.

चारच्या झोपेनंतर मी वायरी काढत होते. पेस्ट केसातून निघत नाही, कोमट पाणी लावून हळूहळू काढावी लागते, या वेळात पेशंट सगळ्यात जास्त बोलतात. मी म्हणलं, "अरे, आज सकाळी काही घेतलंस का? कुठलीही गोळी?" तो म्हणाला, "नाही मॅडम, कुठलंच औषध नाही." मग थोडं थांबून, "म्हणजे ती माझी ऑफिसची गोळी घेतली. रोज पावणेनऊला घेतो, सवयीने घेतली. ते काय औषध नाही ना?"

मोडाफिनिल, दोनशे मिलिग्रॅम. बॅगेत गोळ्यांची स्ट्रिप होती. सहा महिने, रविवार सोडून रोज. टीममधल्या एकाने सांगितलं, कोपऱ्यावरच्या केमिस्टने चिठ्ठी न विचारता दिलं, झालं. फॉर्मवर "नशेचे पदार्थ, झोपेची औषधं घेता का" याच्यापुढे त्याने नाही लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. त्या फॉर्मवर जागं राहायच्या औषधाचा प्रश्नच नव्हता आणि तो फॉर्म आमच्याच लॅबने बनवलेला आहे.

आता घड्याळ लावून बघा. पावणेनऊला गोळी, रक्तात सगळ्यात जास्त पोचायला दोन ते चार तास, म्हणजे पावणेअकरा ते पाऊण. दहाला अर्धवट असर, बाराला पूर्ण. अर्धं औषध शरीरातून जायला बारा ते पंधरा तास लागतात म्हणून चारलाही उतरलेलं नव्हतं. आणि आठची झोप मात्र आदल्या दिवसाचा थोडा उरलेला भाग अंगात असताना, म्हणजे तेवढं असूनही तीन मिनिटं. ती एकच झोप खरी होती.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं की म्हणजे तो ड्रग्ज घेत होता का, तेव्हा त्याला मोरीचं उदाहरण दिलं, तेच इथे देते. मेंदूत एक पेशी डोपामिन नावाचं रसायन बाहेर सोडते आणि काम झालं की एक पंप ते परत आत ओढून घेतो. पंप म्हणजे मोरीची जाळी समजा. मोडाफिनिल त्या जाळीत बोळा कोंबल्यासारखं बसतं, तेही घट्ट नाही. पाणी नळातून येतं तेवढंच येतं, फक्त वाहून जायला वेळ लागतो म्हणून साचतं. नळ बंद असेल तर बोळा काही करू शकत नाही. ॲम्फेटामिन जाळीत अडकत नाही, ते पंपातूनच आत शिरतं, आत ज्या पिशव्यांमध्ये डोपामिन भरून ठेवलेलं असतं त्या रिकाम्या करतं आणि मग पंप उलटा फिरवतं. पेशी शांत असो की चालू, आतलं पाणी बाहेर फेकलं जातं. टाकीच उलटी. आणि हेच नॉरॲड्रेनालिनच्या बाबतीतही होतं, म्हणून नाडी धडधडते, बीपी चढतं, हात थरथरतात, भूक मरते. हा पोरगा दुपारी आरामात डबा खाऊन बसला होता.

दोघं एकाच पंपावर काम करतात यावर बरीच वर्षं लोक वाद घालायचे, मोडाफिनिलचा डोपामिनशी संबंधच नाही असं ऐकायला मिळायचं. पण २००१ मध्ये, जन्मापासून तो पंपच नसलेल्या उंदरांवर बघितलं तर ॲम्फेटामिनच्या जातीचं औषधही त्यांना जागं ठेवेना आणि मोडाफिनिलही ठेवेना. मग २००९ मध्ये माणसांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये दिसलं की नेहमीच्या डोसलाही ते पंप अडवतं आणि डोपामिन वाढतं, ज्या भागात व्यसनाचं मूळ असतं त्या भागातसुद्धा. म्हणजे "ही एकदम सेफ आहे" म्हणणाऱ्या त्याच्या मित्राचं अर्धंच खरं. व्यसनाचा धोका कमी आहे, शून्य नाही. कोकेनही बोळाच आहे की, पण तो घट्ट आणि झटक्यात बसतो, हा सैल आणि सावकाश. त्यापुढे मोडाफिनिल हिस्टामिन आणि ओरेक्सिन या जागं ठेवणाऱ्या यंत्रणांनाही हलवतं, पण तिथे ते थेट काही करत नाही, पुढच्या साखळीतून होतं असं दिसतं.

ओरेक्सिनवरून आठवलं. मी त्याला विचारलं, रविवारी गोळी घेत नाहीस तेव्हा काय होतं? म्हणाला, "काही नाही, पूर्वीसारखाच झोपाळू." ॲम्फेटामिनवाला असता तर गोळी उतरल्यावर दिवसभर पाडाव झाल्यासारखा पडला असता, ते उसनं घेतलेलं व्याजासकट वसूल होतं. मोडाफिनिलला ही वसुली खूप कमी. मग तो हसत म्हणाला, "पण साईड इफेक्ट आहे, मित्राने जोक मारला की गुडघे ढिले पडतात, दोनदा पडलो पण." मी हातातला कापूस तिथंच ठेवला.

तो साईड इफेक्ट नाही. कॅटाप्लेक्सी. हसलं की स्नायूचा जोर जातो, शुद्ध मात्र असते. नार्कोलेप्सीच्या मोठ्या प्रकारात मेंदूतल्या ओरेक्सिनच्या पेशीच मरून गेलेल्या असतात, त्यामुळे झोप आणि जाग यांच्यामधली भिंत पातळ होते आणि रेममधला स्नायूंचा ढिलेपणा जागेपणी घुसतो. मोडाफिनिल झोप कमी करतं, हे थांबवत नाही. ॲम्फेटामिनने थोडंफार थांबतं, नॉरॲड्रेनालिनमुळे, आणि १९३५ पासून नार्कोलेप्सीला ते वापरलं गेलंय. म्हणजे बघा, याची झोप लपली आणि गुडघे उघडे राहिले, आणि तो सहा महिने गुडघ्यांचा दोष गोळीला देत होता.

रिपोर्ट मी "अमान्य, औषध घेतलेलं" असं लिहून थांबवला. ज्युनिअर थोडा नाराज झाला, सरांनी मात्र लगेच मान्य केलं. दोन आठवडे गोळी बंद, बाईक बंद, रजेचं सर्टिफिकेट, झोपेची डायरी. हे सांगायला सोपं, त्याच्या आईने सांगितलं की पोरगा ताटावर झोपायचा. तारखेला परत आला, या वेळी मी बॅग स्वतः तपासली आणि खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले. दोन मिनिटं, तीन, एक, चार, दोन. सरासरी अडीचच्या आत, चारदा रेम.

सरांनी चिठ्ठी लिहिली. मोडाफिनिल, दोनशे मिलिग्रॅम, सकाळी. वर कॅटाप्लेक्सीसाठी वेन्लाफॅक्सिन. पोरगा चिठ्ठीकडे बघतच राहिला. "मॅडम, हीच तर मी घेत होतो."

मी काय बोलणार. मित्राने योग्य गोळी सांगितली होती, केमिस्टने योग्य गोळी दिली होती, आणि पावणेनऊला बाथरूममध्ये घेतलेली ती तीच योग्य गोळी त्याला नॉर्मल ठरवून घरी पाठवणार होती. मी बारा वाजता चहा प्यायला गेले असते तर सकाळचं युरिन कार्ड आणि चौदाची सरासरी एवढंच सरांपुढे गेलं असतं. फॉर्मवर मी आता पेनाने एक ओळ वाढवलीय, "जागं राहायला काय घेता? ऑफिसची, अभ्यासाची, कुठलीही गोळी." नवीन फॉर्म छापून यायला अजून परवानगी मिळालेली नाही, त्यामुळे रोज सकाळी हाताने लिहितेय.