फोटोतलं सिचुआन वांगं आणि ऍलर्जीचा तक्ता

आपल्याकडे हॉटेलवाल्याला विचारा, भाजीत काय घातलंय? ‘घरचा मसाला आहे’ म्हणून बोळवण होते. इथे ब्रिटनमध्ये डिसेंबर 2014 पासून कायदाच आहे: गहू, सोया, तीळ, शिंपले वगैरे 14 ऍलर्जीकारक घटकांपैकी कोणते पदार्थात आहेत, हे ग्राहकाला कळलंच पाहिजे. लेखी नसेल तर विचारल्यावर तोंडी सांगावं लागतं. नियम ऍलर्जीवाल्यांसाठी आहे, पण फोटोवरून पदार्थ घरी करू पाहणाऱ्याला ती अर्धी पाककृतीच मिळते.

सिचुआनी युश्यांग वांगं घ्या. लालसर रश्शातल्या चकचकीत जांभळ्या फोडी. तक्त्यात सोया, गहू आणि तीळ असेल तर सोया म्हणजे सोया सॉस आणि तीळ म्हणजे बहुधा वरून घातलेलं तिळाचं तेल. गहू मात्र तीन ठिकाणांहून येऊ शकतो: सोया सॉस, मिरचीची आंबवलेली पेस्ट (दोबानज्यांग) आणि काळं व्हिनेगर. पेस्ट आहे की नाही हे फोटो मोठा करून बघायचं. त्यात बाकल्यासारख्या शेंगेच्या दाण्यांचे तपकिरी तुकडे दिसतात, आणि ते दाणे त्या 14 मध्ये येतच नाहीत. तक्त्यात शिंपलावर्गीय प्राणी असतील तर ऑयस्टर सॉस आहे असं धरा. शाकाहाऱ्यांनी इथे जपायला हवं, कारण डुकराचं मांस ऍलर्जीकारकांच्या यादीत नाही. फोडींना चिकटलेला बारीक तपकिरी भुगा म्हणजे बऱ्याचदा खिमाच असतो. हिरव्या खुणांनी वाढलेल्या आपल्या लोकांना हा तक्ता फसवू शकतो, तेव्हा वेगळं विचाराच.

फोटो वाचायला भाताच्या वाटीपासून सुरुवात करा. भात पिवळा दिसत असेल तर दिवा पिवळा आहे, आणि रस्साही आहे त्यापेक्षा लाल दिसतोय. मग कडेचं तेल बघा. मिसळीची तर्री बघून तिखटाचा अंदाज घेणाऱ्यांना हे शिकवायला नको. तेल लाल आणि नितळ असेल तर पेस्ट आधी तेलात परतली आहे. गढूळ असेल तर ती नंतर पाण्यात कालवली. साल जांभळी राहिली असेल तर वांगं कडक तेलात तळलंय. उकडलं किंवा मंद आचेवर शिजवलं की तो रंग पाण्यात उतरतो, साल तपकिरी पडते. फोडींना रस्सा आरशासारखा चिकटला असेल तर शेवटी कॉर्नफ्लोअर लावलंय.

दोघांसाठी अर्धा किलो लांब, सडपातळ वांगी घ्या. भारतीय दुकानातली छोटी गोल वांगी भरण्यासाठीच ठेवा, त्यांना बिया जास्त. बोटाएवढ्या फोडींना मीठ लावून अर्धा तास ठेवा, मग धुऊन अगदी कोरड्या पुसा. मिठाने फोडी मऊ पडतात आणि तेल कमी पितात. पण धुतल्या नाहीत तर पदार्थ खारट होतो, कारण पेस्टच मुळात फार खारट असते. तेल 190 अंशांना आलं की दोन-तीन घाण्यांत, प्रत्येकी तीनेक मिनिटं तळा. सगळ्या फोडी एकदम टाकल्या तर तेल थंड होतं, वांगं तेलकट होतं आणि सालही काळवंडते.

कढईत दोन चमचे तेल ठेवून मंद आचेवर मोठा चमचाभर पेस्ट तेल लाल होईपर्यंत परता. मोठ्या आचेवर ती लगेच जळून कडू होते. मग सहा पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं बारीक चिरून घाला. वास सुटला की 100 मिली पाणी, तीन छोटे चमचे साखर, एक छोटा चमचा सोया सॉस आणि फोडी. मिनिटभराने छोटा चमचाभर कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून थोडं थोडं सोडा. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. गॅस बंद करताना मोठा चमचाभर काळं व्हिनेगर, थेंबभर तिळाचं तेल आणि कांद्याची पात. व्हिनेगर आधी घातलं तर त्याचा वास उडून जातो.

साखर आणि व्हिनेगर किती, हे मात्र ना फोटो सांगत ना तक्ता. वरचं प्रमाण हा अंदाज आहे. आंबट-गोड चव जिभेवर एकदम यायला हवी. आधी साखर जाणवली तर अर्धा चमचा व्हिनेगर वाढवा, आंबटाने दात शिवशिवले तर चिमूटभर साखर. इथल्या सुपरमार्केटमधलं माल्ट व्हिनेगर त्याऐवजी वापरू नका. त्याचा आंबटपणा टोकदार असतो आणि काळ्या व्हिनेगरची मुरलेली, किंचित गोडसर चव त्याला येत नाही.